मदत हवी आहे: मीटरवर A ला 44, C ला 66. खरा आवाज कोणता?

लालबागकर
आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या दुकानात कोल्ड रूमचा कंप्रेसर बसल्यापासून रात्रभर घूंऽऽ असा आवाज येतो, शोकेसची काचही थरथरते. ओळखीतल्या साउंडवाल्याचं मीटर आणून खिडक्या लावून मोजलं. A बटणावर 44, C वर 66. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 dB(A) Leq, म्हणजे दुकानदार नियमात बसला! मीटर बिघडलंय का? आणि सगळे A चाच आकडा का देतात?

निशाचर
मीटर ठीक आहे. A म्हणजे कानाला जेवढं ऐकू येतं तेवढंच. 44 म्हणजे शांतच की. झोप येत नसेल तर कारण दुसरं असेल.

खर्जातला_सूर
निशाचर, अर्धंच बरोबर. A चा उतार ठरला तो अगदी हळू आवाजांना कान कसा ऐकतो त्यावरून. तेव्हा खर्ज कानाला खरंच कमी लागतो. म्हणून मीटर 1000 हर्ट्झला काही कापत नाही, पण 63 हर्ट्झला 26 डेसिबल वजा करतो. C तिथे एकसुद्धा पुरता कापत नाही. पण खर्ज एकदा ऐकू यायला लागला की थोडा वाढला तरी कानाला बराच वाढल्यासारखा वाटतो, ते A ला कळत नाही.

लालबागकर, तुमचा हिशेब बघा. कंप्रेसरचा खर्ज 63 च्या आसपास धरला तर C चे 66 हे A मध्ये उरतात जेमतेम 41. बाकी रस्ता, पंखा वगैरेंचे अंदाजे 41. दोन सारखे आवाज मिळून 3 वाढतात, झाले 44. म्हणजे तुमच्या A च्या आकड्यात निम्मा वाटा रस्ता-पंख्याचा आहे.

मंडळाचा_कार्यकर्ता
विसर्जनाला डीजेच्या बेसने आमच्या खिडक्या हादरतात, तेव्हा पोलीस कुठलं बटण दाबतात? आणि तक्रार 112 वर करायची का?

खर्जातला_सूर
तो वेगळा धागा काढा. नियमातले आकडे dB(A) मध्येच आहेत, तेव्हा A च. लालबागकर, सगळे A देतात कारण तो एकच आकडा, स्वस्तात मोजता येतो, आणि रहदारी किंवा कारखान्याच्या गोंगाटात कानाला होणाऱ्या इजेशी बऱ्यापैकी जुळतो. तुमच्यासारख्या घुमण्यालाच तो फसवा.

लालबागकर
मग करू काय?

खर्जातला_सूर
कंप्रेसर बंद असताना त्याच जागी, पंखा तसाच ठेवून दोन्ही बटणांवर मोजा. C धाडकन खाली आला आणि A जेमतेम 3 ने उतरला, तर दोषी तोच. मोबाईल ॲपवर विसंबू नका, त्यांचे माईक खर्जात कच्चे असतात. शिवाय काच थरथरते ती हवेतून की भिंतीतून, ते मीटर सांगणार नाही. कंप्रेसरखाली रबरी पॅड आहेत का बघा.

निशाचर
पण 45 च्या आत असताना तक्रार टिकेल का?

लालबागकर
तेच तर विचारतोय. पॅड नाहीत, थेट लादीवर बोल्ट मारलेत. C चा आकडा लेखी तक्रारीत कुणी दिलाय का, आणि पुढे काय झालं?