‘झोन मिनिट’ला मराठीत मिनिट म्हणावं का?

बकुळ : माझ्या मनगटावरचा पट्टा म्हणतो, या आठवड्यात माझी व्यायामाची १६८ ‘झोन मिनिटं’ झाली. मी पळायला गेले तीनच दिवस, दर वेळी ३२ मिनिटं. म्हणजे ९६. वरची ७२ आली कुठून? धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, ती मिनिटं नाहीत, मार्क आहेत.” मग त्यांना मिनिटं का म्हणायचं? आणि व्यायामाच्या ‘मॉडरेट’, ‘व्हिगरस’ या पातळ्यांसाठी मध्यम आणि तीव्र हेच शब्द बरोबर आहेत का?

अनुस्वार : मिनिट नपुंसकलिंगी, अनेकवचन मिनिटे, बोलताना मिनिटं. ‘मिनिटा’ असं लिहिणं टाळावं.

बकुळ : अहो, लिंग नव्हतं विचारलं. तरी आभार.

घामटपट्टा : भाऊ बरोबर बोलतोय. दर ३२ मिनिटांतली पहिली-शेवटची मिळून ८ मिनिटं हृदयाच्या ठोक्यांच्या मध्यम पट्ट्यात, म्हणजे झोनमध्ये, गेली असणार आणि मधली २४ वरच्या. तीन दिवसांची २४ मध्यम, ७२ वरची. वरच्या पट्ट्यातलं प्रत्येक मिनिट दोनदा धरतात. २४ अधिक १४४, झाले १६८.

दुप्पट का, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचे श्रम, किंवा दोन्हींचं मिश्रण असं आहे. जोराचं एक बरोबर मध्यम दोन, हा भाव तिथूनच निघतो. फिटबिटची झोन मिनिटं आणि गार्मिनची इंटेन्सिटी मिनिटं असंच मोजतात. गूगल फिटने त्यालाच ‘हार्ट पॉइंट’ म्हटलं, आणि माझ्या मते तोच शब्द प्रामाणिक आहे. अ‍ॅपलचं व्यायामाचं वर्तुळ मात्र दुप्पट करत नाही. तिथे मिनिट म्हणजे मिनिटच. दोन मैत्रिणींनी वेगवेगळे पट्टे घालून आकडे ताडून पाहिले, तर भांडण ठरलेलं.

जुनाखेळाडू : पण ही मिनिटं सलग दहा असावी लागतात. जिना चढलात, बससाठी धावलात, ते यात धरत नाहीत.

घामटपट्टा : २०१०च्या शिफारशीत तसंच होतं. २०२०मध्ये ती अट काढून टाकली. आता दोन मिनिटांचा जिनासुद्धा चालतो.

जुनाखेळाडू : बरं, मग मी दहा वर्षं उगाच घड्याळ लावून बसलो. पण मला ‘तीव्र’ पटत नाही. तीव्र वेदना असते, तीव्र नाराजी असते. व्यायाम जोराचा असतो, नाहीतर धाप लागणारा.

बकुळ : धाप लागणारा! हे आवडलं. मग मध्यमला?

कोरीपाटी : मध्यम म्हणजे बरोबर निम्मा ना? कमाल ठोक्यांच्या निम्मे, ८०-९० वगैरे?

घामटपट्टा : इथेच ‘मध्यम’ हा शब्द फसवतो. ऐकणाऱ्याला तो मोजपट्टीचा मध्य वाटतो. एक पद्धत कमाल ठोक्यांच्या ६४ ते ७६ टक्क्यांना मध्यम म्हणते. दुसरी आधी कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे ठोके वजा करते, कारण तेवढेच ठोके वाढायला जागा असते. त्या जागेचे ४० ते ५९ टक्के वापरले की मध्यम, ६० पासून जोराचे. फिटबिट ही दुसरी पद्धत वापरतं. बकुळताई, तुमचं वय आणि विश्रांतीचे ठोके सांगता का?

बकुळ : वय ४८. सकाळी उठल्यावर ५२. पळताना मधली २४ मिनिटं बहुतेक १२७ च्या आसपास.

घामटपट्टा : २२० वजा ४८, कमाल १७२. त्यातून ५२ गेले की जागा उरते १२०. तिचे ६० टक्के ७२, म्हणजे १२४ पासून वरचा पट्टा. तुमचे १२७ जेमतेम आत आले आणि म्हणून दुप्पट झाले. पहिल्या पद्धतीने बघाल तर वरचा पट्टा साधारण १३२ ला सुरू होतो, मग तुमचं सगळं पळणं मध्यमच. तेच पाय, तेच हृदय, एकीकडे १६८, दुसरीकडे ९६.

जुनाखेळाडू : म्हणजे १५०चं लक्ष्य पुरं झालं की नाही, हे गणित कोणतं घेता त्यावर?

घामटपट्टा : सीमेवर पळणाऱ्यांचं तसंच होतं. शिवाय २२० वजा वय ही सरासरी आहे. एखाद्या माणसात ती सहज दहा-बारा ठोक्यांनी चुकते.

बकुळ : अरे हो! गेल्या महिन्यात चढावर जीव तोडून पळाले तेव्हा पट्ट्यावर १८१ दिसले होते. मग माझी कमाल १७२ कशी?

घामटपट्टा : ते खरं असेल तर जागा १२९, आणि वरचा पट्टा १२९ च्या पुढे सुरू. मग १२७ मध्यमात, आणि तुमचे १६८ चे ९६ होतात.

कोरीपाटी : १८१ खरेच ठोके होते का पण? माझ्या पट्ट्याने एकदा पावलंच ठोके म्हणून मोजली होती. मिनिटाला १८० पावलं पळणारे पुष्कळ असतात. प्रकाशाने नाडी वाचणारा सेन्सर ढिला बसला की हाताच्या झोक्यालाच धरून बसतो.

घामटपट्टा : हे चांगलं आठवलंस. ओळखायचं असं: आकडा हळूहळू चढला असेल तर बहुधा ठोके. एकदम उडी मारून पावलांच्या आकड्याला चिकटला असेल आणि थांबल्याबरोबर कोसळला असेल, तर संशय घ्यावा. थांबल्या थांबल्या मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद मोजा आणि चौपट करा.

संथवाहते : माझं वेगळंच. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे, ते औषध ठोके वाढू देत नाही. झपझप चालून घाम निथळतो, पण ठोके ९५ च्या वर जात नाहीत आणि पट्टा शून्य दाखवतो. नातू म्हणतो, आजोबा आज आळस केलात. डॉक्टरांनी सांगितलं, ठोके सोडा, बोलून बघा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर मध्यम. दोनचार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर जोराचे. माझ्या मते शब्दही तिथूनच घ्यावेत: ‘श्वास वाढलेला’ आणि ‘धाप लागलेली’.

अनुस्वार : ‘धाप-मिनिटे’ हा समास व्याकरणात बसतो, एवढंच सांगतो.

जुनाखेळाडू : बसतो, पण हिशोबात घोटाळा राहतोच. धापेचं एक मिनिट दोन गुणांचं. मी तर ‘श्रमगुण’ म्हणेन आणि शेजारी घड्याळाची मिनिटं वेगळी लिहीन.

घामटपट्टा : श्रमगुण मला चालेल. एक शंका मात्र राहते. शिफारशी ज्या अभ्यासांवर उभ्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांत लोकांना विचारून मिनिटं नोंदवली होती. माणूस आठवून ‘अर्धा तास चाललो’ सांगतो; पट्टा त्या अर्ध्या तासातून सिग्नलवर थांबलेली मिनिटं वगळतो आणि उलट मीटिंगमधल्या धडधडीची धरतोही. तेव्हा पट्ट्याचे १५० आणि शिफारशीतले १५० एकच आहेत का, हे मला छातीठोक सांगता येणार नाही.

बकुळ : आज पळताना भावाला फोन लावला. १२६ वर सबंध वाक्यं बोलले, त्याला दोनदा ओरडले सुद्धा. गाणं मात्र पहिल्या ओळीतच तुटलं. चढावरचं मानेवर मोजायचं राहिलंय, रविवारी बघते. तोवर वहीत लिहिलंय: ९६ मिनिटं, श्रमगुण ९६ किंवा १६८.