मदत हवी आहे: ब्रँडेड माल ओरिजनल असल्याचा पुरावा होलसेलरकडे कसा मागू?

निळीशाई

नमस्कार. माझं सौंदर्यप्रसाधनांचं छोटं दुकान आहे. नेहमीच्या होलसेलरकडून एका नामांकित ब्रँडच्या सनस्क्रीनचा लॉट आला आहे. ५ खोकी, प्रत्येकात ४८ ट्यूब, म्हणजे २४० नग. दर नेहमीपेक्षा थोडा कमी होता. लॉट मोठा म्हणून सूट दिली, असं ते म्हणाले. निम्मे पैसे दिलेत, निम्मे महिन्याने द्यायचे आहेत.

काल मांडणी करताना एक ट्यूब डबीतून बाहेर काढली. ट्यूबचं मागचं चपटं टोक असतं ना, मशीनने दाबून बंद केलेलं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत ठोकलेली असते. ती मुदत जुलैची. डबीवर छापलेली मुदत मार्चची. बॅच नंबर मात्र दोन्हीकडे तोच. दुसरी काढली, तेच. मग खोक्याच्या तळाची एक काढली, तिथेही तेच.

होलसेलरला चिठ्ठी लिहायला बसले. कच्चा मसुदा असा झालाय:

"तुम्ही पाठवलेला माल डुप्लिकेट निघाला आहे. ओरिजनल असल्याचं सर्टिफिकेट ताबडतोब पाठवा, नाहीतर तक्रार करीन."

पाठवायचा धीर होत नाहीये. सहा वर्षांचा व्यवहार आहे. माझीच समजूत चुकीची असली तर? आणि पुरावा म्हणून नेमकं काय मागायचं असतं? या क्रीमने कुणाच्या चेहऱ्याला काही झालं तर गिऱ्हाईक माझ्या दारात येणार, त्या विचाराने काल झोप लागली नाही.

रेघोट्या

ताई, इतकं घाबरू नका. मोबाइलने बारकोड स्कॅन करा. पहिल्या तीन आकड्यांवरून माल कोणत्या देशात बनला ते कळतं. आणि बॅच नंबर टाकून तपासायच्या साइट असतात. तिथे तारीख बरोबर आली तर माल ओरिजनल.

मोगरीचा_वेल

माझ्याबरोबर अगदी असंच झालं. ऑनलाइन इअरफोन मागवले, डुप्लिकेट आले. मी रिटर्नचं बटण दाबलं, चार दिवसांत पैसे परत. तुम्हीही ऑर्डरमध्ये जाऊन रिटर्न टाका ना.

निळीशाई

@मोगरीचा_वेल, मी गिऱ्हाईक नाही हो, दुकानदार आहे. होलसेलरकडून बिलावर माल घेतला आहे, बटण कुठलं!

@रेघोट्या, बारकोड स्कॅन केला. प्रॉडक्टचं नाव आणि फोटो बरोबर आले. म्हणजे ठीक समजू?

जुना_वितरक

नाही, त्यावर ठीक समजू नका. मी वितरण एजन्सीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

बारकोड त्या मापाच्या प्रत्येक डबीवर एकच असतो. एक खरी डबी विकत घेतली की तो जसाच्या तसा छापता येतो, त्यामुळे नकली मालाचा बारकोडही बरोबरच येतो. आणि पहिले आकडे माल कुठे बनला ते सांगत नाहीत. तो नंबर कंपनीला कोणत्या देशाच्या नोंदणी संस्थेने दिला, एवढंच सांगतात. बॅच तपासणाऱ्या साइट कोड उलगडून उत्पादनाची तारीख काढतात, बस. खऱ्या बॅचचा नंबर नकली ट्यूबवर ठोकला तरी साइट तीच तारीख दाखवणार.

तुम्ही जे पाहिलंत ते मात्र महत्त्वाचं आहे. बॅच म्हणजे एका वेळी केलेला एक घाणा. त्याची मुदत एकच असते. एकाच बॅच नंबरखाली दोन मुदती येण्याचं सरळ कारण मला तरी सुचत नाही. छपाईची चूक होऊ शकते, पण ती चूक ब्रँडने कबूल केली पाहिजे, होलसेलरने नाही.

आता चिठ्ठी. "सर्टिफिकेट" हा शब्द काढून टाका. कुणाच्याही संगणकावर दहा मिनिटांत सर्टिफिकेट तयार होतं, आणि प्रत्येक लॉटला असा कागद द्यायची ब्रँडची पद्धतही सहसा नसते. तुम्हाला हवी आहे ती मालाची वाट: ब्रँडकडून अधिकृत वितरकाकडे, तिथून या होलसेलरकडे, मग तुमच्याकडे. त्यासाठी त्यांच्या खरेदीचं बिल मागा. बिलावर किंवा सोबतच्या पॅकिंग यादीत बॅच नंबर आणि नग दिसायला हवेत.

ते बिल द्यायला कचरतील. त्यातून त्यांचा नफा कळतो आणि तुम्ही पुढच्या वेळी थेट वितरकाकडे जाल अशी धास्ती असते. म्हणून आधीच लिहा की दर झाकून पाठवलं तरी चालेल. वितरकाचं नाव मात्र झाकू देऊ नका, नाहीतर पडताळायचं कुणाकडे? नाव सांगायला फारच अवघड वाटत असेल तर त्यांनी कागद थेट ब्रँडच्या ग्राहक विभागाला पाठवावेत आणि ब्रँडने तुम्हाला उत्तर द्यावं, असा मार्ग सुचवा. खरा माणूस यातलं काहीतरी मान्य करतो.

"डुप्लिकेट" असं अजून लिहू नका. जे डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा. त्यांनाही कुणी फसवलं असू शकतं.

तिरपी_मात्रा

दुसरीही शक्यता आहे. माल ओरिजनल, पण दुसऱ्या देशासाठी बनलेला आणि मधल्यामध्ये इकडे आलेला. स्वस्त मिळण्याचं कारणही तेच असतं बहुतेक वेळा. मग मुदत वेगळी दिसणारच, त्यांचे नियम वेगळे.

जुना_वितरक

निम्मं बरोबर. असा माल येतो, आणि त्यात भाषा, आयातदाराचं नाव, कधी घटकांची यादीही वेगळी असते. पण तो माल स्वतःशी जुळतो: डबी आणि ट्यूब एकाच देशासाठी छापलेली असतात. इथे डबीचं आणि आतल्या ट्यूबचंच भांडण आहे. अर्थात ताईंनी डबीवर आयातदाराचं वेगळं लेबल चिकटवलंय का ते पाहावं.

आणि ताई, पाचही खोकी तपासलीत का? मागे जे पकडलं गेलं त्यात मी दोनदा पाहिलंय की वरच्या खोक्यांत खरा माल आणि खाली दुसरा.

निळीशाई

लेबल नाही. आज दुकान अर्धा दिवस बंद ठेवून सगळ्या २४० डब्या उघडून पाहिल्या. डब्यांना सील नाही, त्यामुळे काही फाटलं नाही. वहीत खोक्यागणिक लिहिलं.

खोका १ आणि २: सगळं जुळतं. डबी मार्च, ट्यूब मार्च. ठोकलेले आकडे बोटाला लागतात.

खोका ३, ४, ५: डबी मार्च, ट्यूब जुलै, सर्वच्या सर्व १४४. आकडे उथळ आहेत, उजेडात तिरपी धरल्याशिवाय वाचता येत नाहीत. टोपणही एका बाजूने किंचित वर राहतं. दोन ट्यूब शेजारी ठेवल्यावरच कळलं. एकटी पाहिली असती तर मी शपथेवर ओरिजनल म्हटलं असतं.

तुमच्या सांगण्यावरून चिठ्ठी पुन्हा लिहिली:

"आपल्या बिलाने आलेल्या २४० नगांपैकी १४४ नगांवर डबीवरची आणि ट्यूबवरची मुदत जुळत नाही. बॅच नंबर मात्र एकच आहे. खोक्यांचे, डबीचे आणि ट्यूबच्या टोकाचे फोटो जोडले आहेत. या मालाच्या आपल्या खरेदी बिलाची प्रत, बॅच नंबर व नग दिसतील अशी, कृपया पाठवावी. दर झाकले तरी हरकत नाही. ते शक्य नसल्यास आपण कागद थेट ब्रँडकडे पाठवून त्यांचं लेखी उत्तर मला मिळवून द्यावं. खुलासा होईपर्यंत पूर्ण २४० नग मी विक्रीतून बाजूला काढले आहेत. सात दिवसांत खुलासा न झाल्यास १४४ नग परत घेऊन तेवढी रक्कम बाकीतून वजा करावी."

जुना_वितरक

उत्तम. माल विक्रीतून बाजूला काढल्याचं वाक्य नुसतं लिहायचं म्हणून लिहू नका, तसंच वागा. ही चिठ्ठी गेली की तुम्हाला शंका होती हे तुमच्याच हाताने नोंदलं जातं. त्यानंतर त्यातला एक नगही विकलात आणि पुढे माल नकली ठरला, तर "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही. खोक्यांवर "विक्रीसाठी नाही" लिहून तारीख टाका. आधी काही विकले गेले असतील तर तेही नोंदवा.

चिठ्ठी फोनवरून सांगू नका. मेल करा किंवा पोच घेऊन द्या.

रेघोट्या

साइटचं मला खरंच माहीत नव्हतं, मी स्वतः त्यावर भरवसा ठेवून खरेदी करत होतो. एक विचारू? ब्रँडला फोटो पाठवले तर ते सांगत नाहीत का सरळ?

जुना_वितरक

सांगतात, पण "आमचा नाही" हे उत्तर जितकं ठाम असतं तितकं "आमचा आहे" हे नसतं. बॅच नंबर खरा आहे एवढं ते फोनवर सांगतील, आणि तो चोरलेलाही असू शकतो. म्हणून प्रश्न असा विचारावा: ही बॅच तुम्ही या वितरकाला दिली होती का, आणि या बॅचची मुदत काय? नमुना मागितला तर दोन्ही प्रकारच्या खोक्यांतला एकेक पाठवा.

निळीशाई

आजची घडामोड. होलसेलरचा आधी फोन आला, आवाज चढलेला होता. मी म्हटलं, "काका, मी तुमच्यावर आरोप करत नाही, कागद मागतेय." संध्याकाळी त्यांनी बिलाचा फोटो पाठवला. अधिकृत वितरकाचंच आहे, वितरकाला फोन करून नंबर पडताळला, बिल खरं आहे. बॅचही तीच.

पण बिलावर नग आहेत ९६.

मला आलेत २४०. माझी जुळणारी दोन खोकी बरोबर ९६ होतात. उरलेल्या १४४ चं विचारलं तर म्हणाले, "ते दुसऱ्या पार्टीकडून घेतले होते, बिल शोधून देतो." ब्रँडलाही फोटो पाठवलेत, त्यांनी नमुना मागवला आहे.

तिरपी_मात्रा

मग आता परत करून मोकळ्या व्हा. पैसे वजा झाले की तुमचा प्रश्न संपला.

जुना_वितरक

सगळे परत करू नका. ब्रँडचं उत्तर येईपर्यंत निदान काही नग, खोक्याच्या लेबलसकट, दोघांच्या सहीच्या यादीने तुमच्याकडे राहू देत. सगळा माल गेला की पुरावाही गेला. आणि बाकी रक्कम पूर्ण अडवू नका. ९६ नगांचे पैसे देणं लागताच, दिलेली निम्मी रक्कम त्यात धरून हिशोब लेखी कळवा.

निळीशाई

निम्मे म्हणजे १२० नगांचे पैसे त्यांच्याकडे गेलेच आहेत, म्हणजे उलट २४ नगांचे मलाच येणं आहे. तसं कळवते.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. १४४ नग परत दिले आणि ते उद्या दुसऱ्या कुठल्या दुकानात गेले तर? तिथली बाई ट्यूब डबीतून काढून बघेलच असं नाही. ब्रँडचं उत्तर येईपर्यंत परत देऊच नयेत असं वाटतंय, पण काका उद्या टेम्पो पाठवतो म्हणालेत. कुणी अशा वेळी माल अडवून धरला आहे का? काय सांगून धरलात?