मदत हवी आहे : अरुंद बोळात सायकल टांगायची आहे, भिंत मातीची निघाली

नमस्कार मंडळी. आमचं घर लातूरच्या जुन्या भागात आहे. दारापासून आत जाणारा बोळ फक्त तीन फूट रुंद. मुलाची गियरची सायकल तिथं उभी केली की आईला आडवं होऊन जावं लागतं आणि तिचा गुडघा दुखतो, म्हणून हे लवकर करायचं आहे.

बाजूच्या भिंतीवर आडवी टांगली तर हँडलच दोन फूट जागा खातं. म्हणून बोळाच्या शेवटच्या भिंतीवर पुढच्या चाकानं उभी टांगायचं ठरवलं. सायकल पावणेसहा फूट लांब, म्हणून हुक सहा फुटांवर लावला. मागचं चाक जमिनीपासून चार-पाच इंच वर राहिलं. वजन १६ किलो.

दुसऱ्या दिवशी वरचा स्क्रू गिलाव्यासकट बाहेर आला. छिद्रातून आधी राखाडी भुकटी आली होती, मग पिवळसर माती. विटेची लाल भुकटी आलीच नाही. म्हणजे वर इंचभर सिमेंट आणि आत दगड-माती. प्लास्टिकचा गट्टा मातीत धरणार कसा?

आता विचार असा आहे, की तीन फूट उंच सागवानी फळी दगड लागेल तिथंच चार-पाच ठिकाणी पक्की करायची आणि हुक फळीला लावायचा. मागच्या चाकाचे काळे डाग पडू नयेत म्हणून खाली रबरी चटईचा तुकडा.

अशा भिंतीत फळी कोणी बसवली आहे का? दगड नेमका कसा शोधला? की जमिनीवर उभा राहणारा स्टँडच बरा?