जुन्या पाहुण्यांना सणाचा मेसेज (सोसायटीचा गप्पा ग्रुप, कोथरूड)

मंजिरी (ब-302): मंडळी, पार्किंगचा विषय झाला असेल तर जरा माझं ऐका. गुहागरच्या आमच्या होमस्टेच्या जुन्या पाहुण्यांना सणांच्या ऑफरचा मेसेज पाठवायचाय, ड्राफ्ट टाकते, खरं सांगा कसा वाटतो

मंजिरी (ब-302): "प्रिय आदरणीय अतिथी, सणासुदीच्या पावन पर्वानिमित्त आपल्यासाठी घेऊन आलो आहोत धमाकेदार ऑफर! सर्व रूम्सवर तब्बल 10% सूट! त्वरा करा, मर्यादित खोल्या शिल्लक!"

निनाद (क-104): फर्निचरचा सेल लागलाय का काय 😂

श्रीकांत काका (अ-201): पावन आणि पर्व एकत्र आले की मी पुढे वाचतच नाही. आणि मंजिरी तू एरवी आम्हाला "काका जेवलात का" विचारतेस, इथे एकदम अतिथी?

मंजिरी (ब-302): काका ते मी इंग्लिश नमुना बघून लिहिलंय, कळतंय ते. पण साधं लिहिलं तर ऑफर आहे हे समजणार कसं? आणि हा मी गणपती, नवरात्र, दिवाळी असा तीनदा पाठवणार आहे, फक्त सणाचं नाव बदलून

ऋतुजा (ब-501): थांब थांब. मी नऊ वर्षं हॉटेलच्या रिझर्व्हेशनला काढलीयेत म्हणून बोलते. भाषेचं नंतर बघू. आधी सांग मागच्या वर्षी रेट काय होता आणि आता काय आहे?

मंजिरी (ब-302): 3200 होता, दोघांना, दोन्ही वेळचं जेवण धरून. आता 3600 केलाय, गॅस, मासळी सगळंच वाढलंय ना

ऋतुजा (ब-501): म्हणजे 10 टक्के गेले की 3240. जो माणूस मागच्या वर्षी 3200 देऊन गेला त्याला तू तब्बल सूट म्हणून 40 रुपये जास्त सांगतेयस. नव्या पाहुण्याला हे कळणार नाही पण जुना पाहुणा आधी गूगल पेची हिस्ट्री उघडतो, त्याला टक्के सांगूच नयेत, सरळ रुपये सांगावेत

सुलभा मावशी (अ-102): अगदी बरोबर. आम्ही एका ठिकाणी दोनदा राहिलो, तिसऱ्या वेळी "खास तुमच्यासाठी सवलत" म्हणून आधीपेक्षा जास्त पैसे घेतले. परत गेलो नाही, आणि तोंडाने बोललोही नाही काही.

मंजिरी (ब-302): बापरे हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं

ऋतुजा (ब-501): आता दुसरं, तुझ्या खोल्या रिकाम्या नक्की कधी असतात? मागच्या वर्षीचं रजिस्टर बघून सांग, अंदाजाने नको

मंजिरी (ब-302): गणपतीत आमच्याच घरी पाच दिवसांचा गणपती, तेव्हा पाहुणे घेतच नाही. नवरात्रात शनिवार रविवार भरतात. दिवाळीत पाडव्यापासून पुढचे सहा सात दिवस सहाच्या सहा खोल्या फुल, लोकांना नाही म्हणावं लागतं. कोजागिरी झाली की वसुबारसेपर्यंत मात्र शुकशुकाट, वीकडेला तर एखादीच खोली जाते

ऋतुजा (ब-501): मग गणपतीची ऑफर कशाला, घर बंद असताना! आणि दिवाळीत फुल असताना सूट म्हणजे स्वतःच्या खिशाला भोक. ऑफर फक्त त्या दहा-बारा दिवसांची, तीही सोमवार ते गुरुवार

निनाद (क-104): पण तेव्हा येणार कोण, पोरांच्या सहामाही चालू असतात. आमच्या घरी तर संचारबंदी असते

ऋतुजा (ब-501): तेच तर! म्हणून तो मेसेज निनादला जाताच कामा नये. त्याला तो वाचून चिडच येणार आणि पुढच्या वेळी तो उघडणारही नाही. तो जाईल सुलभा मावशींसारख्यांना, रिटायर्ड किंवा ज्यांच्याकडे शाळेचं कोणी नाही. मंजिरी तुझ्याकडे किती जणांची यादी आहे?

मंजिरी (ब-302): 146 घरं. मुलं किती ते रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं, कारण आम्ही दूध विचारतो. साधारण 80 शाळावाले निघतील, 50 एक नुसती जोडपी किंवा ज्येष्ठ, बाकी ऑफिसच्या पिकनिकवाले

ऋतुजा (ब-501): झालं तर मग. 80 जणांना गणपतीच्या आधी एकच मेसेज, त्यात सूट नाही, फक्त दिवाळीचं बुकिंग जुन्या पाहुण्यांना आधी उघडलंय आणि बाकीच्यांना अनंत चतुर्दशीनंतर. त्यांना 360 रुपयांच्या सवलतीपेक्षा खोली मिळणं महत्त्वाचं असतं. 50 जणांना दुसरा मेसेज. पिकनिकवाल्यांना सध्या काहीच नको. म्हणजे प्रत्येकाला एकच मेसेज मिळतो, तीन वेळा तेच तेच वाचायचा प्रश्नच मिटला

श्रीकांत काका (अ-201): दुसरा मेसेज अनंत चतुर्दशी झाली की लगेच पाठवू नकोस. पितृपक्षात सणाची ऑफर आली की आमच्या पिढीला खटकतं. घटस्थापनेला पाठव.

मंजिरी (ब-302): हो काका. आणि ग्रुप करू का सगळ्यांचा? मागच्या वर्षी केला होता, रात्रीत 40 जण बाहेर पडले आणि एकीने फोन करून झापलं की माझा नंबर सगळ्यांना का दाखवलास

ऋतुजा (ब-501): ग्रुप अजिबात नको. ब्रॉडकास्ट लिस्ट कर, एका लिस्टमध्ये 256 पर्यंत जण बसतात. पण ज्याच्या फोनमध्ये तुझा नंबर सेव्ह आहे त्यालाच तो पोचतो, बाकीच्यांपुढे एकच टिक राहते आणि आपण समजतो की लोक उत्तर देत नाहीत. त्यामुळे 50 जणांना एकेकाला नावाने पाठव, दोन दिवसांत विभागून, तासाभराचं काम आहे. ईमेल असेल तर सगळे पत्ते बीसीसीमध्ये

सचिव (अ-001): मधे बोलतो, उद्या सकाळी 10 ते 1 टाकी साफ करणार आहेत, पाणी भरून ठेवा. मंजिरीताई, नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात, तिथे "सणासुदीच्या पावन" आलं तर लोक न उघडताच पुसतात. सोसायटीच्या नोटिसा लिहून हे शिकलोय

मंजिरी (ब-302): 😂 नोंद घेतली. बघा आता, नवीन लिहिलाय

मंजिरी (ब-302): "नमस्कार सुलभा मावशी, गुहागरहून मंजिरी. भात कापणीला आलंय, तुम्ही बसायचात त्या पडवीतून सगळं पिवळं दिसतंय. कोजागिरीनंतर वसुबारसेपर्यंत आमच्याकडे गर्दी नसते, म्हणून त्या दिवसांत सोमवार ते गुरुवार मागच्या वर्षीचाच रेट ठेवलाय, दोघांना एका रात्रीचे 3200, दोन्ही वेळचं जेवण धरून. शुक्रवार ते रविवार 3600 पडतील. दुपारी ऊन असतं हे आधीच सांगते, संध्याकाळ मात्र छान. यायचं असेल तर दसऱ्यापर्यंत कळवा, खोली ठेवते. असे मेसेज नको असतील तर नुसतं 'नको' लिहा, मी नाव काढून टाकीन."

श्रीकांत काका (अ-201): हे तू बोलतेयस असं वाटतं. "ठेवलाय" राहू दे, "ठेवण्यात आला आहे" करू नकोस.

ऋतुजा (ब-501): मस्त. फक्त पडवीची ओळ सगळ्यांना तीच पाठवू नकोस, सुलभा मावशींची बहीणही येऊन गेलीय ना तुझ्याकडे, दोघी फोनवर वाचून दाखवतील एकमेकींना

मंजिरी (ब-302): अगं हो की! मग रजिस्टरमध्ये शेरा असेल त्यांनाच तशी ओळ, नाहीतर सरळ भातावरून रेटवर येते

सुलभा मावशी (अ-102): मला सोमवार मंगळवार चालेल. यांचा उपवास नसेल त्या दिवशी बघ, सुरमई हवी.