हाउसकीपिंगच्या जाहिरातीत सगळं खरं लिहावं का?

शाहूपुरीकर: स्टेशन रोडजवळ आमचं 32 खोल्यांचं लॉज आहे, कामगार 22. जाहिरात अशी आहे: "हाउसकीपिंगसाठी मुलं-मुली पाहिजेत. पगार 13,000. राहण्याची सोय." मला कामं, शिफ्ट, कपात सगळं लिहायचंय. मालक म्हणतात, एवढं लिहिलं तर कुणी फिरकणार नाही. तुमचं मत सांगा.

पापाची तिकटी: मालकांचं बरोबर आहे. "टॉयलेट धुणे" छापलं की फोन बंद होतात, हे मी स्वतः बघितलंय. आधी माणूस दारात येऊ दे. चहा पाजा, काम दाखवा, मग पगाराचं बोला.

लिनन रूम: फोन कमी येतील, हे खरं. पण जो येईल तो टिकेल. मी सुपरवायझर होतो, सोडून जाणारे बहुतेक पहिल्या पगारालाच जायचे. 13,000 ऐकून आलेल्या मुलाच्या हातात किती पडतात बघा. सगळी रक्कम मूळ पगार धरली तर पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,560, ईएसआयचे 98 आणि पुरुषाला व्यवसाय कर 200. उरले 11,142. जेवणाचे 1,500 कापले तर 9,642. घरी आईला 13 सांगून आलेला पोरगा साडेनऊ हजार बघून कुणावर विश्वास ठेवणार? म्हणून "हातात किती" हेच मोठ्या अक्षरात छापा. बाईमाणसाला या पगारावर व्यवसाय कर लागत नाही, तिचे 200 वाचतात, तेही लिहा.

दुसरं, खोल्यांचा आकडा. पाहुणा राहतोच आहे ती खोली वीस मिनिटांत होते. चेक-आउटची खोली चाळीस मिनिटं घेते, कारण चादरी, अभ्रे, टॉवेल सगळं बदलायचं, बाथरूम घासायचं, गादीखाली आणि कपाटात काही राहिलंय का बघायचं. आठ तासांतून जेवण आणि सकाळची लिननची मोजणी वजा करा, सात तास उरतात. त्यात 6 चेक-आउट आणि 9 राहत्या खोल्या बसतात. नवरात्रात अंबाबाईच्या गर्दीला एकाच माणसाकडे 12 चेक-आउट आले तर तेवढ्यांनाच आठ तास लागतात. "रोज साधारण 15 खोल्या, सणाला जास्त, जास्तीच्या वेळेचा ओव्हरटाइम" असं लिहिलं की पुढचं भांडण टळतं.

पन्हाळ्याचा पाहुणा: राहायला खोली देताय, मग शिफ्ट कशाला लिहायची? रात्री दोनला गाडी आली तर तिथंच झोपलेल्या पोरानं उठून चादर घालायला काय हरकत? पगारात खोलीचं भाडं आलंच की.

लिनन रूम: खोली दिली म्हणून चोवीस तास ड्यूटी होत नाही, भावा. राहण्याची किंमत पगारात धरता येईल का, यावर बोलू, पण त्यासाठी झोप विकत घेता येत नाही. ठरलेल्या वेळेपलीकडे काम घेतलं तर दुप्पट दरानं द्यावं लागतं. आणि रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईकडून काम घ्यायचं तर आधी तिची लेखी संमती हवी, सुरक्षेची सोयही हवी. रात्रीची गाडी येतच असेल तर "रात्रपाळी" म्हणून वेगळा माणूस लिहा.

राजारामपुरी: आमच्याकडे आजींसाठी सकाळी दोन तास बाई हवी आहे. 13,000 जास्त वाटतात, आठ हजारांत मिळेल का?

शाहूपुरीकर: ताई, हे लॉजचं काम आहे, घरकामाचं नाही.

चंदगडची: मी "राहण्याची सोय" वाचूनच आले होते, दुसऱ्या एका हॉटेलात. गच्चीवर पत्र्याची खोली, आम्ही पाच जणी, एक नळ. दाराची कडी आतून बसत नव्हती. रात्री दुपट्ट्यानं हँडल खिडकीच्या गजाला बांधून झोपायचो. वाऱ्यानं दार हललं तरी सगळ्या उठून बसायच्या. अकराव्या दिवशी मी गाव गाठलं, त्या दिवसांचा पगारही मिळाला नाही. काम जड होतं म्हणून नाही गेले. तुम्ही खोलीत किती जणी, बाथरूम कुणाबरोबर, कडी-कुलूप आहे का, एवढं लिहा. फोटो टाकला तर आणखी बरं.

पापाची तिकटी: कडीचं मान्य, ती लागलीच पाहिजे. पण टॉवेल हरवला, ग्लास फुटला तर कापणार हेही लिहायचं का? ते वाचून कोण येतंय?

लिनन रूम: कापायचं असेल तर लिहाच. पण पाहुण्यानं बॅगेत घातलेला टॉवेल पोरीच्या पगारातून जात नाही. तिची हलगर्जी असेल तरच, तीही तिचं म्हणणं ऐकून. म्हणून चेक-आउटला लिनन मोजून वहीवर सही घ्या.

पन्हाळ्याचा पाहुणा: मग रोज मोजायला कोण बसणार? लहान लॉजला हे परवडत नाही.

शाहूपुरीकर: हातातला पगार, 15 खोल्या, सकाळी 8 ते 5, एका खोलीत तीन जणी, आतून कडी, एवढं मालकांपुढे ठेवतो. टॉवेलचं त्यांना पटेल असं वाटत नाही. कडी मात्र उद्याच सुताराला सांगतो.