मदत हवी आहे: दुसरा ट्रोपोनिन उशिरा घेतला गेला, तर कुठला निकष लावायचा?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्यात मी रात्रपाळी करतो. परवा एक पन्नाशीचे काजू बागायतदार आले. छातीत दोन तास दडपण, ईसीजी नॉर्मल, क्रिएटिनिनही ठीक. हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन टी 22 नॅनोग्राम प्रति लिटर आला, म्हणजे 14 च्या मर्यादेच्या वर, पण थेट निदान करण्याच्या 52 च्या बराच खाली. अशा वेळी आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. दुसरा नमुना तासाभराने घ्यायचा होता, पण गर्दीत 1 तास 40 मिनिटांनी घेतला गेला: 28.

फरक 6. एका तासाच्या निकषात 5 किंवा जास्त फरक म्हणजे हार्ट अटॅक धरून पुढे जायचं. दोन तासांच्या निकषात त्यासाठी 10 लागतात. मधल्या वेळेला कुठलाच लागू नाही. मी त्यांना निरीक्षणाखाली ठेवून तिसऱ्या तासाला पुन्हा रक्त घेतलं. 37 आल्यावर लगेच बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला पाठवलं.

कार्डिओलॉजी किंवा इमर्जन्सीतल्या मंडळींनो, तुम्ही 28 वरच पाठवलं असतं का? आणि वेळ रिपोर्टची नव्हे, रक्त काढल्याची नोंदली जावी, यासाठी तुमच्याकडे नर्स आणि लॅब मिळून नेमकं काय करतात?