मधुमेहाचा प्रश्न मोदकाच्या सारणात कसा शिरतो?

काटेकोर (मूळ लेखन)

एकाच लांब संभाषणात दहा विषय विचारले की चॅटबॉट मागच्या प्रश्नातला तपशील पुढच्या उत्तरात घालतो, अशी तक्रार सध्या फार ऐकू येते. माझ्या मेहुण्यांनी सकाळी गृहकर्जाचा हप्ता विचारला आणि संध्याकाळी मुदत ठेवीवर किती रक्कम मिळेल ते विचारले, तर उत्तरात कर्जाचाच व्याजदर लावलेला होता. पण ठेवीचा दर त्यांनी लिहिलाच नव्हता! प्रश्न पूर्ण विचारा, म्हणजे असे कधीही होणार नाही. दोष यंत्राचा नाही, अर्धवट विचारणाऱ्यांचा आहे.

शब्दतपासनीस

आपल्या ‘कधीही’ला माझा आक्षेप आहे आणि तो सविस्तर नोंदवणे मला भाग आहे, कारण अशी संभाषणे वाचून त्यांतील चुका शोधणे हेच माझे रोजचे काम आहे.

आधी आपल्या मेहुण्यांचाच प्रश्न घेऊ. कर्जाचा दर 8.5 टक्के होता आणि ठेव 5 लाखांची, 3 वर्षांची, तिमाही चक्रवाढीची होती असे धरा. 8.5 टक्क्यांनी सुमारे 6 लाख 43 हजार 500 रुपये येतात आणि ठेवीचा खरा दर 7 टक्के असेल तर सुमारे 6 लाख 15 हजार 700. हा जवळजवळ 28 हजारांचा फरक आहे आणि त्यातला गुणाकार अगदी बरोबर आहे, त्यामुळे आकडेमोड तपासणाऱ्याला चूक दिसतच नाही. प्रश्नात दराची जागा रिकामी होती, समोरच्या मजकुरात एकच दर होता, तो उचलला गेला. इथपर्यंत मी आपल्याशी सहमत आहे.

आता दुसरे उदाहरण पाहा. संभाषणाच्या सुरुवातीला आईच्या मधुमेहासाठी आहार विचारला होता. मध्ये गाडीचा विमा झाला, मुलाचा प्रकल्प झाला. नंतर प्रश्न आला, ‘गणपतीसाठी 21 उकडीच्या मोदकांच्या सारणाचे प्रमाण सांगा.’ या प्रश्नात कोणतीही जागा रिकामी नाही. तरीही उत्तरात दोन वाट्या खोबऱ्याला अर्धी वाटी गूळ आला, जिथे एरवी एक वाटी सांगितला जातो. आईच्या मधुमेहाचा उल्लेख उत्तरात नव्हता. ‘आईंना साखर कमी हवी म्हणून गूळ कमी केला आहे’ असे एक वाक्य असते तरी वाचणारी सावध झाली असती. ते नसल्यामुळे सारण मोकळे राहिले आणि घरात खोबऱ्याला दोष देण्यात आला.

याचे कारण यंत्रापुढे काय ठेवले जाते यात आहे. नवा प्रश्न पाठवला की केवळ तोच प्रश्न जात नाही. त्याआधीचे सगळे प्रश्न आणि यंत्राची स्वतःची सगळी उत्तरे सलग मजकूर म्हणून पुन्हा पुढे येतात. कोण बोलले याच्या खुणा त्या मजकुरात असतात, पण एक विषय कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला याची खूण नसते. 2017 साली मांडल्या गेलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेत पुढचा शब्द ठरवताना मागच्या प्रत्येक शब्दतुकड्याला काही ना काही वजन मिळते. सगळ्या वजनांची बेरीज एक होते आणि त्या गणिताची घडणच अशी आहे की मागच्या कोणत्याही तुकड्याचे वजन ठाम शून्य होत नाही. बहुतेकांची वजने नगण्य असतात हे खरे. गाडीच्या विम्याचा मोदकाशी संबंध नाही, म्हणून विमा सारणात शिरला नाही. मधुमेहाच्या प्रश्नात मात्र साखर, गोड, प्रमाण, वाटी हे शब्द होते आणि ते मोदकालाही लागू पडतात. म्हणजे गळती दूरच्या विषयांतून फारशी होत नाही, ती शेजारच्या विषयांतून होते. मेहुण्यांच्या बाबतीतही कर्ज आणि ठेव हे शेजारीच होते.

‘त्याचा दर किती?’ असे आपण विचारतो तेव्हा ‘त्याचा’ म्हणजे कशाचा हे यंत्राला याच मार्गाने कळते. मागचे उचलण्याची ही सवय काढून टाकली तर कोणताही पुढचा प्रश्न विचारता येणार नाही. म्हणून वापरणाऱ्याला सरसकट दोष देणे मला पटत नाही.

रात्रपाळी

शब्दतपासनीस, आपले विवेचन ऐकायला बरे वाटते, पण ते अनुभवाशी जुळत नाही. लांब संभाषणात ही यंत्रे मागचे विसरतात, हे आम्ही रोज पाहतो. 2023 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतरांसह केलेल्या अभ्यासात, लांब मजकुराच्या मध्यभागी ठेवलेली माहिती यंत्रांना नीट वापरता येत नाही, असेच दिसून आले होते. जे विसरले जाते ते पुढच्या उत्तरात शिरेल कसे? माझ्या मते हा प्रकार वेगळ्याच सोयीमुळे होतो. वापरणाऱ्याविषयीच्या नोंदी साठवून ठेवण्याची जी सोय आता बहुतेक ठिकाणी दिली जाते, तिच्यात ‘मधुमेह’ अशी नोंद झाली असणार. ती सोय बंद करा, प्रश्न मिटेल.

शब्दतपासनीस

अभ्यास आपण योग्य सांगितला, पण त्याचा अर्धाच भाग सांगितला. मध्यभागाची माहिती दुर्लक्षित होते, तर सुरुवातीची आणि शेवटची चांगली वापरली जाते, हे त्याच अभ्यासात आहे. मधुमेहाचा प्रश्न संभाषणात सर्वांत पहिला होता. विसरणे आणि मिसळणे एकाच संभाषणात शेजारी शेजारी घडू शकते. दहाव्या प्रश्नात घातलेली अट हरवते आणि पहिल्या प्रश्नातला तपशील मात्र टिकून राहतो, हे मी वारंवार पाहते.

नोंदींच्या सोयीबद्दल आपला मुद्दा मी मान्य करते, पण तो वेगळा मार्ग आहे, एकमेव नव्हे. कोणता मार्ग आहे हे ओळखता येते. नोंदींची सोय चालूच ठेवून तोच प्रश्न अक्षरशः तसाच नव्या संभाषणात विचारावा, आणि एकदा नव्हे तर काही वेळा विचारावा, कारण एकाच प्रश्नाची उत्तरे दर वेळी थोडी बदलतात. गूळ तिथे एक वाटीवर परत आला तर जुन्या मजकुराचा प्रभाव होता, हे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

शाळामाउली

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. ही चर्चा प्रश्न विचारण्याबद्दल आहे असे दिसते, पण माझा अनुभव सांगते. सहामाहीचे निबंध मी एकामागून एक त्याच संभाषणात चिकटवते आणि प्रत्येकावर अभिप्रायाचा मसुदा मागते. गुण मीच देते. मला आजवर एकही तक्रार आलेली नाही आणि एका वर्गात साठ मुले असताना दुसरा मार्गही नाही. ज्यांनी कधी साठ वह्या तपासल्या नाहीत त्यांनी आम्हाला शिस्त शिकवू नये.

दोन मुलांचा बाप

बाई, तक्रार येत नाही याचे कारण पालकांना काय घडले ते कळतच नाही! माझ्या मुलीच्या निबंधावर अभिप्राय आला होता की ‘आजोबांसोबतच्या वारीचे वर्णन जिवंत झाले आहे’. तिच्या निबंधात आजोबा नाहीत आणि वारीही नाही. तिने ‘माझा आवडता ऋतू’ या विषयावर लिहिले होते. वारी तिच्या मैत्रिणीच्या निबंधात होती. मुलगी दोन दिवस विचारत होती की बाईंनी माझे वाचलेच नाही का. तिच्या या प्रश्नाला मी काय उत्तर द्यावे? शाळेचे नाव घेत नाही, पण आपल्यासारख्याच कुणीतरी एका संभाषणात सगळा वर्ग ओतला असणार.

शाळामाउली

एका शिक्षकाच्या चुकीवरून सगळ्यांना धारेवर धरू नका. अभिप्राय मुलांच्या हाती देण्याआधी मी वाचते.

शब्दतपासनीस

बाई, वाचून वारी सापडेल, कारण ती ठळक आहे. मला अधिक काळजी न सापडणाऱ्या गोष्टींची वाटते. निबंध हे एकमेकांचे सर्वांत जवळचे शेजारी आहेत. विषय तोच, वय तेच, वाक्यांची धाटणीही तीच. शिवाय यंत्राचे आधीचे अभिप्रायही मजकुरात पडलेले असतात. मागच्या तिन्ही अभिप्रायांत ‘परिच्छेदांची जोडणी सैल आहे’ असे आले असेल तर चौथ्यात ते येण्याची शक्यता वाढते, मग चौथ्या मुलाचे परिच्छेद कितीही घट्ट असोत. आधीच्या मजकुरातला नमुना ओळखून तो पुढे चालवणारे घटक या यंत्रांच्या आत असतात, हे 2022 साली अँथ्रॉपिकच्या संशोधकांनी दाखवले आहे. आणि चुकीचा तपशील एकदा उत्तरात आला की त्या मजकुरात त्याचे दोन उल्लेख होतात, एक मुलाचा आणि एक यंत्राचा. पुढे तो अधिकच पक्का होत जातो.

काटेकोर

हा धागा गृहकर्जावर होता, आता शिक्षकांच्या न्यायनिवाड्यावर आला आहे. साधा उपाय कुणी बोलत नाही. नव्या प्रश्नाआधी ‘मागचे सगळे विसर’ असे लिहावे. मी लिहितो आणि मला अडचण येत नाही.

शब्दतपासनीस

तसे लिहिल्याने मागचा मजकूर पुसला जात नाही. तो तसाच राहतो आणि त्याखाली आणखी एक वाक्य जमा होते. तरीही आपला उपाय निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. 2023 साली गूगलच्या संशोधकांनी शालेय गणिताच्या उदाहरणांत एकेक गैरलागू वाक्य घालून पाहिले. उत्तरे बरीच बिघडली, आणि ‘गैरलागू माहितीकडे दुर्लक्ष करा’ अशी सूचना दिल्यावर काही प्रमाणात सुधारली. तेव्हाच्या यंत्रांपेक्षा आजची यंत्रे सरस आहेत, पण ‘काही प्रमाणात’ हे शब्द लक्षात ठेवावेत. ‘गूळ नेहमीच्या प्रमाणात, हे मोदक आईसाठी नाहीत’ असे नेमके लिहिणे ‘सगळे विसर’पेक्षा अधिक उपयोगी ठरते. त्याहून बरे म्हणजे नवे संभाषण उघडणे. जुना प्रश्नच संपादित करून तिथून नवी शाखा काढण्याची सोय असेल तर तीही चालते, कारण त्या प्रश्नानंतरचा मजकूर मग पुढे जातच नाही; त्याच्या आधीचा मात्र जातो.

रात्रपाळी

नवे संभाषण उघडले की माझ्या कामाची सगळी पार्श्वभूमी पुन्हा लिहावी लागते, ही किंमत आपण मोजत नाही. रुग्णालयाच्या भांडारातील साठ्याचा अहवाल मी एकाच संभाषणात महिनाभर चालवतो, तो मुद्दाम. तिथे मागचे उचलले जाणे हीच माझी गरज आहे. मोदकाचा दाखला माझ्यावर लादू नका.

शब्दतपासनीस

आपले काम एकाच विषयाचे आहे, म्हणून ते चालते, हे मान्य. मात्र मागच्या महिन्यातील साठ्याचा आकडा या महिन्याच्या रकान्यात येत नाही ना, एवढे मूळ नोंदवहीशी ताडून पाहावे. दोन महिन्यांचे अहवालही एकमेकांचे शेजारीच असतात.

शाळामाउली

वारीचा प्रकार माझ्या वर्गात घडलेला नाही, हे मी पुन्हा सांगते. परंतु ‘परिच्छेदांची जोडणी सैल’ हे वाक्य मी आत्ता अभिप्रायांत शोधले आणि ते फारच जास्त मुलांच्या वाट्याला आले आहे. मुले खरोखरच तशी लिहितात की यंत्राने ते वाक्य पुढे ओढले, हे मला सांगता येत नाही. वार्षिक परीक्षेपासून प्रत्येक निबंध वेगळ्या संभाषणात देईन. गुण मात्र बदलणार नाही, ते माझे आहेत.

दोन मुलांचा बाप

गुण आपले आहेत, पण ते देताना मसुदा आपल्या डोळ्यांसमोर होता की नव्हता? या प्रश्नाचे उत्तर मला आपल्याकडून हवे आहे, यंत्राच्या घडणीवरची चर्चा नको.